मद्यार्कातले शेवटचे पाणी
साखर कारखान्याच्या आसवनीत अल्कोहोल कितीही वेळा उकळले तरी ते पूर्ण कोरडे का होत नाही?

धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्यात चोराखळी हे गाव आहे. 2021 च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, या गावाचे नाव देशभरातील वृत्तपत्रांत झळकले. त्या वेळी जिल्ह्याचे अधिकृत नाव उस्मानाबाद होते. रुग्णालयांत ऑक्सिजनची टंचाई असताना येथील धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पातील यंत्रणेत बदल करून तीतून ऑक्सिजन मिळवण्याचा प्रयोग हाती घेतला. साखरेच्या कारखान्यात ऑक्सिजन कसा, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. त्याचे उत्तर इथेनॉल प्रकल्पातील मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे रेणूंची चाळण, या एका भागात आहे. पण त्यामागे आणखी एक प्रश्न उभा राहतो. अल्कोहोल आणि पाणी वेगळे करायला आसवनीत उंचच उंच ऊर्ध्वपातन स्तंभ असतात. मग पुन्हा ही चाळण कशासाठी? याचा उलगडा दोन बाष्पनशील द्रवांच्या मिश्रणावर कोणते बाष्प जमते, या रसायनशास्त्रातील जुन्या हिशेबातून होतो.

दोन द्रव, एक झाकण

एखादा द्रव बंद भांड्यात ठेवला की त्याच्या पृष्ठभागावरून काही रेणू सुटून वरच्या पोकळीत जातात आणि काही परत द्रवात पडतात. जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची संख्या समान झाली की पोकळीतील बाष्पाचा दाब स्थिर होतो. हा त्या द्रवाचा त्या तापमानाचा बाष्पदाब होय. 25 अंश सेल्सिअसला मिथेनॉलचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे 127 मिलिमीटर असतो आणि इथेनॉलचा सुमारे 59. बाष्पदाब जितका अधिक, तितका द्रव अधिक बाष्पनशील.

हे दोन्ही द्रव एकत्र केले तर काय होईल? फ्रान्समधील ग्रेनोबल येथे काम करणारे रसायनशास्त्रज्ञ फ्रांस्वा मारी राउल्ट यांनी 1880 च्या दशकात द्रावणांच्या बाष्पदाबाची मोजमापे करून याचे सरळ उत्तर दिले. मिश्रणातील प्रत्येक घटक आपला शुद्ध अवस्थेतील बाष्पदाब पूर्णपणे गाजवू शकत नाही. मिश्रणातील एकूण रेणूंत त्याच्या रेणूंचा जेवढा वाटा, तेवढाच अंश त्याच्या वाट्याला येतो. या वाट्याला मोल-अपूर्णांक म्हणतात. पृष्ठभागावरील दर चार रेणूंपैकी एकच मिथेनॉलचा असेल, तर मिथेनॉलचे सुटून जाणारे रेणूही चौथ्या हिश्श्याइतकेच असणार, हे त्यामागचे साधे कारण. दोन्ही घटकांच्या दाबांची बेरीज म्हणजे द्रावणाचा एकूण बाष्पदाब:

p = x₁p₁° + x₂p₂°

येथे x₁ आणि x₂ हे द्रवातील मोल-अपूर्णांक, तर p₁° आणि p₂° हे शुद्ध द्रवांचे बाष्पदाब आहेत. बाष्पातील एखाद्या घटकाचा वाटा काढायचा तर त्याच्या दाबाला एकूण दाबाने भागावे:

y₁ = x₁p₁° / p

आता 32 ग्रॅम मिथेनॉल आणि 138 ग्रॅम इथेनॉल यांचे मिश्रण घेऊ. मिथेनॉलचा एक मोल 32 ग्रॅमचा आणि इथेनॉलचा 46 ग्रॅमचा, म्हणजे येथे अनुक्रमे 1 आणि 3 मोल आहेत. मोल-अपूर्णांक झाले 0.25 आणि 0.75. मिथेनॉलचा दाब 0.25 गुणिले 127, म्हणजे 31.75 मिलिमीटर. इथेनॉलचा 0.75 गुणिले 59, म्हणजे 44.25. एकूण दाब बरोबर 76 मिलिमीटर. बाष्पातील मिथेनॉलचा वाटा 31.75 भागिले 76, म्हणजे सुमारे 0.42. द्रवात शंभरांत 25 रेणू मिथेनॉलचे, तर त्यावरील बाष्पात शंभरांत 42. अधिक बाष्पनशील घटकाचे प्रमाण द्रवापेक्षा बाष्पात वाढते, ही या हिशेबातील कळीची गोष्ट.

येथे एक चूक हमखास होते. मोल-अपूर्णांकाऐवजी वजनाचे प्रमाण वापरले जाते. या मिश्रणात वजनाने मिथेनॉल केवळ 19 टक्क्यांच्या आसपास आहे. तो आकडा घेतला तर एकूण दाब 76 ऐवजी 72 येतो. उत्तर दिसायला ठीक असते, पण असते चुकीचे. दाब हा रेणूंच्या संख्येवर अवलंबून असतो, त्यांच्या वजनावर नव्हे. राउल्टच्या नियमाने काढलेले उत्तर तपासण्याच्या दोन सोप्या कसोट्या आहेत. एकूण दाब दोन शुद्ध द्रवांच्या दाबांच्या मध्येच यायला हवा आणि बाष्पात अधिक बाष्पनशील घटकाचा वाटा वाढलेला दिसायला हवा. मात्र वरील 72 हा चुकीचा आकडाही पहिल्या कसोटीतून निसटतो. म्हणून ग्रॅमचे मोल करणे ही पायरी गाळून चालत नाही.

आता हे 42 टक्के मिथेनॉलचे बाष्प थंड करून त्याचा द्रव केला आणि त्यावरील बाष्प पाहिले, तर त्याच हिशेबाने मिथेनॉलचा वाटा 61 टक्क्यांवर जातो. पंचविसाचे बेचाळीस, बेचाळिसाचे एकसष्ट. अशा पायऱ्या चढत गेले की वर जवळजवळ शुद्ध मिथेनॉल मिळते. आसवनीतील ऊर्ध्वपातन स्तंभ या पायऱ्या एकावर एक रचून ठेवतो. स्तंभातील प्रत्येक प्लेटवर खालून येणारे बाष्प थोडे द्रवते आणि तेथील द्रव थोडा उकळतो. वरच्या टोकाला थंड केलेल्या द्रवाचा काही भाग मुद्दाम पुन्हा स्तंभात सोडला जातो, कारण वर चढणाऱ्या बाष्पाला वाटेत द्रव भेटल्याखेरीज ही देवघेव होत नाही.

मळीपासून मद्यार्काकडे

साखर कारखान्याच्या आसवनीत मळी पाण्याने पातळ करून यीस्टच्या साहाय्याने आंबवली जाते. तयार झालेल्या द्रवाला तेथे वॉश म्हणतात. त्यात अल्कोहोल जेमतेम आठ-दहा टक्के, बाकी बहुतांश पाणी. हिशेब सोपा व्हावा म्हणून वजनाने 10 टक्के इथेनॉल आणि 90 टक्के पाणी असलेले मिश्रण घेऊ. शंभर ग्रॅममध्ये इथेनॉलचे 10 भागिले 46, म्हणजे 0.217 मोल आणि पाण्याचे 90 भागिले 18, म्हणजे 5 मोल. इथेनॉलचा मोल-अपूर्णांक केवळ 0.042. वजनाने दहा टक्के असलेले अल्कोहोल रेणूंच्या संख्येने चार टक्क्यांच्या थोडे वर भरते.

समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाखाली, म्हणजे 760 मिलिमीटरला, असे मिश्रण प्रत्यक्षात सुमारे 91.5 अंशांना उकळते. त्या तापमानाला शुद्ध इथेनॉलचा बाष्पदाब सुमारे 1255 मिलिमीटर आणि शुद्ध पाण्याचा सुमारे 556 असतो. राउल्टच्या नियमाने इथेनॉलचा वाटा 53 आणि पाण्याचा 533, एकूण 586 मिलिमीटर. येथेच गडबड लक्षात येते. द्रव उकळतो तेव्हा त्याचा बाष्पदाब बाहेरच्या दाबाएवढा, म्हणजे 760 असायला हवा. नियमाच्या हिशेबात सुमारे 174 मिलिमीटर कमी पडतात.

हे कोठे गेले? पाण्याचा हिशेब जवळपास बरोबर आहे. शंभरांत 96 रेणू पाण्याचेच असल्याने पाण्याच्या रेणूला आपण मिश्रणात आहोत हे फारसे जाणवत नाही. चूक इथेनॉलच्या बाबतीत होते. त्याचा खरा दाब 53 नसून सुमारे 227 मिलिमीटर, नियमाच्या चौपटीहूनही अधिक असतो. परिणामी बाष्पात इथेनॉलचे रेणू नियमाप्रमाणे 9 टक्के नव्हे, तर सुमारे 30 टक्के असतात. वजनात सांगायचे तर दहा टक्के अल्कोहोलच्या द्रवावर पन्नास टक्क्यांहून थोडे अधिक अल्कोहोल असलेले बाष्प जमते.

कारण रेणूंच्या स्वभावात आहे. राउल्टचा नियम मानतो की दोन्ही प्रकारचे रेणू एकमेकांना आपल्या जातभाईंइतकेच धरून ठेवतात. मिथेनॉल आणि इथेनॉल हे एकाच कुळातले असल्याने त्यांच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे ठरते. पाण्याचे रेणू मात्र एकमेकांशी हायड्रोजन बंधांनी घट्ट जोडलेले असतात. इथेनॉलच्या रेणूचे एक टोक पाण्यासारखे, तर दुसरे कार्बन-हायड्रोजनचे, तेलकट वळणाचे. पाण्याच्या जाळ्यात त्या दुसऱ्या टोकाला जागा नसते. चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला इथेनॉलचा रेणू म्हणूनच संधी मिळताच बाष्पात निसटतो. नियमापेक्षा अधिक दाब देणाऱ्या अशा मिश्रणांना धन विचलन दाखवणारी मिश्रणे म्हणतात.

पायऱ्या लहान होत जातात

वॉशच्या बाबतीत हे विचलन आसवनीच्या पथ्यावर पडते. पहिल्याच उकळीत इथेनॉलच्या रेणूंचा वाटा 4 टक्क्यांवरून 30 वर उडी घेतो. त्याचा द्रव करून पुन्हा उकळले तर बाष्पात सुमारे 57 टक्के. तिसऱ्या पायरीला 68, चौथीला 74, पाचवीला 78. उड्या लहान होत चालल्या आहेत हे या आकड्यांवरून दिसते. मिथेनॉलसारखे शंभराकडे जाण्याऐवजी हे बाष्प कोठेतरी अडकू पाहते.

ते अडकते 89.4 टक्क्यांवर. द्रवात शंभरांत 89.4 रेणू इथेनॉलचे झाले की त्यावरील बाष्पातही बरोबर तेवढेच असतात. वजनाने हे प्रमाण 95.6 टक्के इथेनॉल आणि 4.4 टक्के पाणी असे आहे. येथे द्रव आणि बाष्प यांत फरकच उरत नसल्याने स्तंभाला आणखी पन्नास प्लेट जोडल्या तरी उपयोग शून्य. अशा मिश्रणाला ॲझिओट्रोप म्हणतात. ते 78.15 अंशांना, म्हणजे शुद्ध इथेनॉलच्याही किंचित आधी, एकाच तापमानाला शेवटच्या थेंबापर्यंत उकळते.

असे का व्हावे, हे त्याच हिशेबातून कळते. 78.15 अंशांना शुद्ध इथेनॉलचा बाष्पदाब सुमारे 755 आणि पाण्याचा 329 मिलिमीटर असतो. राउल्टच्या नियमाने इथेनॉलचा वाटा 675 आणि पाण्याचा अवघा 35 यायला हवा. तसे झाले असते तर बाष्पात इथेनॉल 95 टक्के राहून शुद्धीकरण पुढे चालू राहिले असते. प्रत्यक्षात इथेनॉलचा दाब 680 असतो, म्हणजे नियमाच्या अगदी जवळ. पाण्याचा मात्र 80, नियमाच्या दुपटीहून अधिक. भूमिका उलटल्या आहेत. वॉशमध्ये इथेनॉल अल्पसंख्य होते आणि तेच निसटत होते. आता पाणी अल्पसंख्य आहे. आपल्या जाळ्यातून तुटून इथेनॉलच्या गर्दीत विखुरलेले हे मोजके पाण्याचे रेणू बाष्पात निघून जातात आणि पाण्याची मूळची कमी बाष्पनशीलता भरून काढतात. ज्या विचलनाने सुरुवातीला काम हलके केले, तेच शेवटी वाट अडवते.

स्तंभ चालवणाऱ्याला हे सारे तापमापीवर दिसते. साध्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या स्तंभाच्या माथ्याचे तापमान 78 अंशांच्या आसपास स्थिर असेल, तर बाष्प ॲझिओट्रोपच्या जवळ पोहोचलेले आहे. ते 80 अंशांकडे सरकू लागले तर पाणी वर चढत आहे असे समजावे. उकळत्या बिंदूच्या कोष्टकानुसार 79.8 अंशांना निघणाऱ्या बाष्पात इथेनॉलचे रेणू 66 टक्केच असतात. दीड-पावणेदोन अंशांच्या फरकात एवढी तफावत पडते. अशा वेळी माथ्यावरून परत सोडला जाणारा द्रव वाढवावा लागतो किंवा माल काढण्याचा वेग कमी करावा लागतो. उलट तापमान 78.15 च्या आणखी खाली आणण्याच्या खटपटीत पडून त्या दाबाला अधिक शुद्ध अल्कोहोल कधीच मिळत नाही.

दाब बदलला तर काय, असा प्रश्न साहजिक आहे. दाब कमी करत गेल्यास ॲझिओट्रोप शुद्ध इथेनॉलकडे सरकतो आणि पाऱ्याच्या सुमारे 70 मिलिमीटरखाली तो नाहीसाच होतो. पण त्या दाबाला इथेनॉल 28 अंशांच्या आसपास उकळते. त्याचे बाष्प पुन्हा द्रवरूप करायचे तर त्याहूनही बरेच थंड पाणी हवे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात असे पाणी यंत्राने थंड करूनच मिळवावे लागेल. त्यातच प्रचंड आकाराचा स्तंभ निर्वात ठेवण्याचा खर्च. कागदावर शक्य असलेला हा मार्ग आसवनीत परवडत नाही.

चाळणीचे काम

औद्योगिक वापरासाठी 95 टक्क्यांचे अल्कोहोल अनेकदा पुरते. पेट्रोलमध्ये मिसळायला ते चालत नाही. पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. इथेनॉलमधून पाणी आत गेले तर टाकीच्या तळाशी पाणी आणि अल्कोहोलचा वेगळा थर बसण्याचा धोका असतो. त्यामुळे इंधनाच्या इथेनॉलमध्ये शुद्धता साडेनव्याण्णव टक्क्यांच्या घरात लागते. देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 2025 साली 20 टक्क्यांपर्यंत पोहोचले. उसाच्या पट्ट्यातील कारखान्यांना हे शेवटचे पाणी काढणे म्हणूनच अटळ झाले.

पूर्वी यासाठी मिश्रणात बेंझिनसारखा तिसरा द्रव घालत. त्याने बाष्पदाबांचे गणित बदलते, पाणी त्या द्रवाबरोबर वरून निघून जाते आणि स्तंभाच्या तळाशी कोरडे इथेनॉल उरते. बेंझिन कर्करोगकारक असल्याने आणि पद्धतीला वाफही बरीच लागत असल्याने ती मागे पडली. आता बाष्पदाबाचा नादच सोडून रेणूंच्या आकाराचा आधार घेतला जातो. झिओलाइट नावाच्या खनिजवर्गातील, कारखान्यात बनवलेल्या बारीक गोळ्यांनी मोठी टाकी भरलेली असते. या गोळ्यांतील छिद्रे सुमारे 3 अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरच्या तीन दशलक्षांशाच्याही दहाव्या भागाएवढी असतात. पाण्याचा रेणू 3 अँगस्ट्रॉमहून किंचित लहान असल्याने आत शिरून अडकतो. इथेनॉलचा रेणू 4 अँगस्ट्रॉमहून मोठा असल्याने बाहेरूनच पुढे जातो. स्तंभातून आलेले बाष्प टाकीतून नेले की पलीकडे कोरडे इथेनॉल मिळते. गोळ्या पाण्याने भरत आल्या की बाष्प दुसऱ्या टाकीकडे वळवतात आणि पहिल्या टाकीतील दाब उतरवून तिच्यातील पाणी बाहेर काढतात. दोन टाक्या काही मिनिटांच्या अंतराने अशा आलटूनपालटून चालतात. टाकी बदलायला उशीर झाला किंवा गोळ्यांचा चुरा झाला तर तयार मालातील पाण्याचे प्रमाण वाढते. तापमापीला ते कळत नाही, प्रयोगशाळेतील तपासणीतच उघड होते.

चोराखळीचा प्रयोग याच रचनेवर बेतलेला होता. दाबाखाली वायू गोळ्यांतून नेणे, एक टाकी भरली की दुसरीकडे वळवणे आणि दाब उतरवून पहिली मोकळी करणे, हेच तंत्र हवेतून ऑक्सिजन मिळवणाऱ्या संयंत्रातही वापरतात. फरक गोळ्यांचा असतो. 3 अँगस्ट्रॉमच्या छिद्रात हवेतील नायट्रोजन शिरत नाही. त्यासाठी मोठ्या छिद्रांचे, नायट्रोजनला ऑक्सिजनपेक्षा अधिक घट्ट धरून ठेवणारे झिओलाइट भरावे लागते आणि अल्कोहोलच्या बाष्पाऐवजी दाबलेली, कोरडी हवा सोडावी लागते. नायट्रोजन आत अडकतो आणि ऑक्सिजन पलीकडे निघतो.

या चाळणीलाही तिची मर्यादा आहे. हवेतील सुमारे एक टक्का आर्गॉन तिच्या दृष्टीने ऑक्सिजनसारखाच असतो. तो ऑक्सिजनबरोबरच बाहेर पडतो आणि शुद्धता 95 टक्क्यांच्या आसपास थांबते. रुग्णाच्या श्वासासाठी तेवढी पुरेशी असते. इंधनाच्या इथेनॉलला मात्र स्तंभाने दिलेले 95.6 टक्के पुरत नाहीत. म्हणूनच आसवनीत स्तंभाच्या पुढे ही चाळण बसवलेली असते आणि म्हणूनच 2021 मध्ये ती चोराखळीत हाताशी होती.